डायरेक्टर्स रिपोर्ट लिहितानाच्या नोंदी: नफा ४६ लाख, खात्यात १९ लाख

१२ एप्रिल

आमची कंपनी छोटी आहे, पुठ्ठ्याची खोकी बनवतो. डायरेक्टर तिघं: मी, धाकटा भाऊ, आणि बाहेरचे एक, जे आयुष्यभर बँकेत कर्जाच्या कामाला होते. शेअरहोल्डर पाच, त्यात काकांचे ३० टक्के. गेली चार वर्षं डायरेक्टर्स रिपोर्ट म्हणजे मागच्या वर्षीची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, सही करायची. या वर्षी मी म्हटलं की मी स्वतः लिहितो, कारण मागचे चार रिपोर्ट ओळीनं वाचले आणि जोखमीचा परिच्छेद चारही वर्षं अक्षरशः तोच होता, स्वल्पविरामासकट. कुणी पहिल्यांदाच लिहायला बसलं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतोय. कायद्याची कलमं देत नाही, ती देशागणिक वेगळी असतात, सक्तीची वाक्यं कोणती ते तुमच्या ऑडिटरकडून घ्या.

आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आज फक्त कच्चा ताळेबंद हातात आलाय. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे.

१५ एप्रिल

वर्षभराच्या कामकाजाचा परिच्छेद लिहिला. विक्री ५९२ लाखांवरून ६४० लाख, म्हणजे ८ टक्के वाढ. मी झोकात लिहिलं, “कंपनीने यंदा समाधानकारक वाढ नोंदवली.” भाऊ फॅक्टरी बघतो, त्यानं वाचलं आणि म्हणाला, दादा, वाढ कुठे झाली, दोन महिने रात्रपाळी बंद होती.

मग डिस्पॅचचं रजिस्टर काढलं. मागच्या वर्षी १,२१५ टन माल गेला होता, यंदा १,१८०. म्हणजे माल जवळपास ३ टक्के कमी गेला. टनामागे दर ११ टक्क्यांनी वाढला कारण क्राफ्ट पेपर महागला आणि आम्ही ती वाढ पुढे ढकलली. ही वाढ नाही, हा फक्त कागदाचा भाव आहे जो आमच्या बिलातून पुढे गेलाय.

परिच्छेद खोडला. आता असं आहे: “विक्री ८ टक्क्यांनी वाढली ती पूर्णपणे दरवाढीमुळे. विकलेल्या मालाचं वजन ३ टक्क्यांनी घटलं.” दोनच वाक्यं, पण ती लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. आधी नगांचा आकडा घेतला होता, तो वाढलेला दिसत होता, मग कळलं की छोट्या खोक्यांच्या ऑर्डरी जास्त होत्या म्हणून नग वाढलेत. आमच्या धंद्यात वजनच खरं सांगतं. तुमच्याकडे तास असतील, फेऱ्या असतील, लिटर असतील, काहीही असो, पैशांच्या आकड्याशेजारी असा एक मोजमापाचा आकडा ठेवाच.

२१ एप्रिल

डिव्हिडंड. करानंतरचा नफा ४६ लाख. मागच्या वर्षी शेअरमागे ८ रुपये दिले होते, एकूण दोन लाख शेअर, म्हणजे १६ लाख. भाऊ म्हणाला यंदा १२ देऊ, २४ लाख होतात, नफा तर ४६ आहे, आणि ताळेबंदात रिझर्व ३१० लाख दिसतायत. मलाही ते बरोबर वाटलं. काकांना तर फार बरं वाटेल, ते रिटायर झालेत आणि हेच त्यांचं मुख्य उत्पन्न. मी रिपोर्टमध्ये १२ लिहून टाकलं, आणि आमच्या अकाउंट्सच्या मुलाला सांगून दिलं की २४ लाखांची एंट्री कर.

या एका एंट्रीनं पुढे तीन आठवडे खाल्ले.

२८ एप्रिल

ऑडिटरचा फोन. ३१ मार्चच्या ताळेबंदात २४ लाख डिव्हिडंड देणं म्हणून का दाखवलंय?

मी म्हटलं, देणार आहोत म्हणून. ते म्हणाले, ३१ मार्चला तुम्ही ते ठरवलं होतं का? नव्हतं. २१ एप्रिलला ठरवलं, तेही बोर्डाचा ठराव न करता, जेवणाच्या टेबलावर. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकात, आयएएस १० मध्ये, हे स्पष्टच आहे की वर्ष संपल्यानंतर ठरवलेला डिव्हिडंड त्या वर्षाच्या ताळेबंदात देणं म्हणून धरायचा नाही, कारण त्या तारखेला कंपनी तो द्यायला बांधील नव्हती. तो फक्त टिपेत सांगायचा. एंट्री उलटवली, ताळेबंद पुन्हा काढला, ऑडिटरनं दीड दिवसाचं जादा बिल लावलं आणि ते रास्तच होतं.

आणखी एक शब्द त्यांनी बदलायला लावला. मी लिहिलं होतं “डायरेक्टरांनी डिव्हिडंड जाहीर केला आहे.” वर्षअखेरचा डिव्हिडंड डायरेक्टर फक्त सुचवतात, मंजूर सभा करते. बऱ्याच कंपन्यांच्या नियमावलीत असं असतं की सभा सुचवलेल्यापेक्षा कमी देऊ शकते, जास्त नाही. आमच्या नियमावलीतही तसंच निघालं, मी ती पहिल्यांदा उघडून वाचली. म्हणून शब्द “शिफारस”. मधल्या काळातला अंतरिम डिव्हिडंड वेगळा, तो साधारणपणे डायरेक्टरच ठरवतात.

२ मे

आता ३१० लाख रिझर्वचं. बाहेरच्या डायरेक्टरांकडे ताळेबंद घेऊन गेलो. त्यांनी पेन्सिलनं त्या एका ओळीचे तीन तुकडे केले.

१२० लाख म्हणजे फॅक्टरीच्या जागेचं मूल्य तीन वर्षांपूर्वी वाढवून लिहिलं होतं ते. जागा विकलेली नाही, पैसा आलेला नाही, तो कागदावरचा फायदा आहे, त्यातून डिव्हिडंड द्यायचा नाही. २५ लाख शेअर प्रीमियम, म्हणजे भागधारकांनीच घातलेले पैसे, तेही सहसा वाटता येत नाहीत. उरले १६५ लाख, हा खरा साठलेला नफा, यंदाचे ४६ धरून.

म्हणजे कायद्यानं वाटता येईल अशी रक्कम १६५. भाऊ म्हणाला मग काय, २४ तर आरामात बसतात. सर म्हणाले, बसतात, पण द्यायला खात्यात किती आहेत?

खात्यात १९ लाख.

५ मे

४६ लाख नफा झाला आणि बँकेतली शिल्लक २६ वरून १९ वर आली, हे कसं, हे मला रिपोर्टमध्ये शेअरहोल्डरांना सांगता यायला हवं, आणि मला स्वतःलाच कळत नव्हतं. म्हणून एका कागदावर मांडलं. आकडे लाखात.

नफा ४६. घसारा २२ हा खर्च धरलेला पण पैसा गेलेला नाही, तो परत मिळवला, ६८. जुनं छपाई मशीन विकून ९ फायदा झाला तो या नफ्यात आहे, पण तो रोजच्या धंद्यातला नाही, तो काढला, ५९. उधारी ३१ ने वाढली, म्हणजे बिलं फाडली पण पैसे आले नाहीत. कागदाचा साठा १२ ने वाढला. कागदवाल्यांची देणी ५ ने वाढली, तेवढाच हातभार. ५९ मधून ३१ आणि १२ गेले, ५ आले, उरले २१.

रोजच्या धंद्यातून वर्षभरात हातात आलेला पैसा एवढाच, २१ लाख. पुढे मशीन विकून १५ आले, नवं घ्यायला ३८ गेले, त्यासाठी २५ कर्ज काढलं, कर्जाचे हप्ते १४ गेले, मागच्या वर्षीचा डिव्हिडंड १६ गेला. बेरीज उणे ७. जुळलं. रात्री साडेअकरा झाले होते पण जुळल्यावर मी बायकोला उठवून सांगितलं.

३१ लाख उधारी कुठे अडकली ते बघितलं. आमचा सर्वांत मोठा ग्राहक विक्रीच्या ३८ टक्के घेतो, वर्षाला २४३ लाख. त्याच्याशी बोली ६० दिवसांची. प्रत्यक्षात पैसे ८७ दिवसांनी येतायत. रोजचे साधारण ६७ हजार धरले तर २७ दिवसांचे १८ लाख होतात. म्हणजे वाढलेल्या ३१ पैकी १८ फक्त या एका ग्राहकाच्या उशिराचे. बाकीचे दरवाढीमुळे, बिलच मोठं झालं तर थकबाकीही मोठी होणार.

वर्षभर मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की ते पैसे थोडे उशिरा देतात पण देतात. ८७ हा आकडा मी पाच मेला पहिल्यांदा पाहिला.

१० मे

जोखमीचा परिच्छेद. जुन्या रिपोर्टमध्ये होतं: “बाजारातील अनिश्चितता, वाढती स्पर्धा, कच्च्या मालाच्या किमतीतील चढउतार व शासकीय धोरणातील बदल या प्रमुख जोखमी असून संचालक मंडळ त्यावर लक्ष ठेवून आहे.” हे कुठल्याही कंपनीला चिकटवा, चालतं. म्हणजे यात आमच्याबद्दल काहीच नाही.

सर म्हणाले, बँकेत असताना ते एक गोष्ट बघायचे, जोखीम लिहिली असेल तर ती घडली की किती पैसे जातात आणि ती घडतेय हे आधी कुठे दिसेल. ही दोन उत्तरं नसतील तर ते वाक्य काढून टाकायचं. मी पहिल्यांदा नऊ जोखमी लिहिल्या होत्या, आगीपासून संगणकातल्या डेटापर्यंत. या प्रश्नांवर तीनच टिकल्या. आगीचा विमा आहे, तो पुरेसा आहे का ते बघितलं, आहे, म्हणून ती प्रमुख यादीतून गेली.

एक, मोठा ग्राहक: पैसे उशिरा येणं आणि ऑर्डरी कमी होणं. दोन, कागदाचा भाव: ग्राहकांशी ठरलेला भाव दर तीन महिन्यांनी बदलतो, कागद मात्र कधीही महागतो. कागद विक्रीच्या ६५ टक्के, म्हणजे तिमाहीला १०४ लाखांचा. तिमाहीच्या सुरुवातीलाच १० टक्के महागला तर तीन महिने जवळपास १० लाख आमच्या खिशातून. तीन, कॉरुगेशन मशीनवर तापमान आणि गोंदाचं गणित जमणारा एकच माणूस आहे, तो आजारी होता तेव्हा ११ दिवस निम्मा माल फ्लूट, म्हणजे पुठ्ठ्याचा मधला नागमोडी थर, सुटून परत आला. आता दुसऱ्या मुलाला त्याच्या हाताखाली लावलंय, सहा महिने लागतील असं तोच म्हणतो, आणि रिपोर्टमध्येही तसंच लिहिलंय, “तयार केला” असं नाही.

११ मे

काल रात्री दोन्ही परिच्छेद एकाखाली एक प्रिंट काढले आणि वाचताना थांबलो. वर लिहिलंय, शेअरमागे १२ डिव्हिडंडची शिफारस. खाली लिहिलंय, मोठ्या ग्राहकाच्या उशिरा पैसे देण्यामुळे कंपनीला खेळत्या भांडवलाची अडचण येऊ शकते. एकाच पानावर. हे वाचून कुणीही विचारेल, मग देताय कशाला?

मागच्या सगळ्या वर्षांत हे दोन परिच्छेद एकमेकांकडे बघतच नव्हते. म्हणून आज जोखमीतला पहिला आकडा घेऊन डिव्हिडंड तपासला. समजा त्या ग्राहकानं आणखी ३० दिवस उशीर केला, २० लाख अडकतात. खात्यात १९. बँकेची ओव्हरड्राफ्ट मर्यादा २० लाख, ३१ मार्चला पूर्ण मोकळी.

१२ दिले तर १९ मधून २४ आणि २० गेले, उणे २५, मर्यादेच्या ५ लाख बाहेर. पगार थांबतो. मागच्या वर्षीइतके ८ दिले तर उणे १७, मर्यादेत बसतं पण हातात ३ उरतात, आमचा महिन्याचा ठरलेला खर्चच ११ आहे. ५ दिले, म्हणजे एकूण १० लाख, तर उणे ११, आणि ९ मोकळे राहतात. महिन्याभराचेही नाहीत, पण तेवढ्यात वसुली करता येते.

मला ६ वर थांबायचं होतं, काकांसाठी. १२ लाख होतात, उणे १३, चाललं असतं कदाचित.

१४ मे

नाही चाललं असतं. सरांनी विचारलं, नव्या कर्जाच्या मंजुरीपत्रात डिव्हिडंडबद्दल काही अट आहे का? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, असते, बघ. अकराव्या पानावर निघाली: एकवेळचे फायदे वगळून करानंतरच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त डिव्हिडंड बँकेच्या लेखी परवानगीशिवाय द्यायचा नाही.

४६ मधून मशीनचे ९ वगळले, ३७. त्याचे ३० टक्के ११.१ लाख. १२ रुपये तर सोडाच, ६ सुद्धा अटीबाहेर गेले असते. ही सही मीच ऑक्टोबरमध्ये केली होती. जर २१ एप्रिलचा आकडा सभेत मंजूर होऊन पैसे गेले असते तर अट मोडली म्हणून बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकली असती. आधीच्या कर्जात ही अट नव्हती म्हणून मागच्या वर्षीचे १६ लाख नीट गेले, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात ते आलं नाही.

बोर्डाची मीटिंग घेतली, या वेळी मिनिटं लिहून. शिफारस शेअरमागे ५, एकूण १० लाख.

डिव्हिडंडचा परिच्छेद आता असा: “संचालक शेअरमागे ५ डिव्हिडंडची शिफारस करतात, मागील वर्षी तो ८ होता. नफा ४६ लाख असला तरी त्यातले ९ लाख मशीन विक्रीचे आहेत आणि रोजच्या धंद्यातून हाती आलेली रोकड २१ लाख आहे. उधारी वसुलीचा काळ वाढल्यानं आणि कर्जाच्या अटीमुळे रक्कम कमी ठेवली आहे.” भावाला कर्जाची अट लिहायला नको होती. मी ठेवली, कारण पुढच्या वर्षी हाच प्रश्न परत येणार.

२३ मे

मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं. जुलैपासून ते दुसरा पुरवठादार घेतायत, आमच्या ऑर्डरी साधारण एक चतुर्थांश कमी होतील.

रिपोर्टवर अजून सह्या नव्हत्या. ३१ मार्चचे आकडे यामुळे बदलत नाहीत, कारण त्या तारखेला ही गोष्ट घडलेली नव्हती, पण सह्यांच्या आधी इतकी मोठी गोष्ट कळली तर ती सांगावी लागते. जोखीम म्हणून लिहिलं होतं ते आता घडलेलं म्हणून लिहायचं. “ऑर्डर कमी होऊ शकतात” हे वाक्य तसंच ठेवून सह्या केल्या असत्या तर ते खोटं झालं असतं.

नऊ महिन्यांची विक्री साधारण ४६ लाखांनी कमी, कागद आणि इतर बदलता खर्च वजा जाता नफ्यात १० लाखांची खोट. इथे एक फसवी गोष्ट आहे जी सरांनी दाखवली. ऑर्डरी कमी झाल्या की जुनी बिलं वसूल होत राहतात आणि नवी कमी फाडली जातात, म्हणजे त्या ग्राहकाकडे अडकलेल्या ५८ लाखांपैकी चौदा-पंधरा लाख पुढच्या तीनेक महिन्यांत मोकळे होऊन खात्यात येतील. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बँकेची शिल्लक छान दिसेल, आणि नेमकं तेव्हाच धंदा आटत असेल. तेव्हा कुणी म्हणेल आता अंतरिम डिव्हिडंड देऊ या. म्हणून रिपोर्टमध्येच लिहून टाकलं की चालू वर्षात अंतरिम डिव्हिडंड देण्याचा विचार नाही.

५ चं काय, यावर तासभर बोललो. भाऊ आता शून्य म्हणत होता. शेवटी ५ ठेवला, कारण उशीर आणि कपात दोन्ही एकत्र धरून पुढच्या बारा महिन्यांचा महिनावार अंदाज काढला तेव्हा सर्वांत वाईट महिन्यात ओव्हरड्राफ्ट १३ लाखांपर्यंत जातो, मर्यादा २० आहे. हा अंदाज ऑडिटरनेही मागितलाच, कंपनी पुढे चालू राहील का हे ठरवायला किमान बारा महिने पुढे बघावं लागतं.

ग्राहकाचं नाव रिपोर्टमध्ये घातलं नाही. बऱ्याच ठिकाणी हे कागद दाखल झाले की कुणालाही बघता येतात, आणि टक्केवारी दिली की शेअरहोल्डरला लागणारं सगळं मिळतं.

३० मे

सह्या झाल्या. जाता जाता एक चूक सापडली, कामकाजाच्या परिच्छेदात उधारी १३४ लाख आणि ताळेबंदात १३५, कच्च्या आकड्यावरून लिहिलेलं राहिलं होतं. आता रिपोर्टमधल्या प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलनं ताळेबंदाचा पान नंबर लिहून मगच सही. एकूण २७ आकडे, पाऊण तास लागला. हे पहिल्या मसुद्यालाच करायला हवं होतं.

माझे एकूण ४१ तास गेले, त्यातले १५ तरी त्या २४ लाखांच्या एंट्रीमागे.

२८ जून

सभा. काकांना मी आदल्या दिवशी घरी जाऊन सांगितलं होतं. १२ धरून त्यांचे ७ लाख २० हजार झाले असते, मागच्या वर्षी ४ लाख ८० हजार मिळाले होते, आता ३ लाख. ते काही बोलले नाहीत, कागद मागितला, चष्मा लावून जोखमीचा परिच्छेद दोनदा वाचला.

सभेत त्यांनी एकच प्रश्न विचारला. “ते ८७ दिवस आता किती झालेत?”

मी म्हटलं ८१. मेच्या मध्यापासून भाऊ दर सोमवारी त्या ग्राहकाच्या अकाउंट्सला फोन करतो. काका म्हणाले, मला दर महिन्याला तो आकडा कळव. ठराव एकमतानं मंजूर झाला.

१२ जुलै

डिव्हिडंड सगळ्यांच्या खात्यात गेला, १० लाख. आज काकांना जूनअखेरचा आकडा पाठवला, ७८ दिवस.